रस्त्याखालून गेलेले अकरा वाघ

नागपूरहून जबलपूरकडे निघालं, की मनसर आणि देवलापारच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. पेंचला कान्हाशी आणि नवेगाव-नागझिऱ्याशी जोडणाऱ्या जंगलपट्ट्या या रस्त्याने कापल्या आहेत. रस्ता जुनाच, पण त्याच्या चौपदरीकरणाचा वाद कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्यांत चालला. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी वाट ठेवली गेली. त्यांत पाच खास अंडरपास आणि चार लहान पूल आहेत. सर्वांत अरुंद मोकळी जागा सुमारे 50 मीटरची, तर सर्वांत रुंद 750 मीटरची आहे.

2019 साली भारतीय वन्यजीव संस्थेने या नऊ जागी 78 कॅमेरा ट्रॅप लावले. मार्च ते डिसेंबरमध्ये 18 जातींच्या वन्यप्राण्यांची 5,450 छायाचित्रं मिळाली. सर्वाधिक चितळांची होती. वाघाची 89 होती, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून ते 11 वेगवेगळे वाघ असल्याचं ठरलं. या आकड्यांनी मला मनापासून आनंद झाला. पण ‘म्हणजे जंगलातून रस्ता काढायला हरकत नाही’ असा अर्थ कुणी त्यातून काढू लागलं, तर तिथे थांबायला हवं. रस्त्याचं काय होणार हे ठरतं ते पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अहवालात, खोदकामाच्या कितीतरी आधी. तो अहवाल कसा वाचायचा हे सामान्य माणसाला कळायला हवं, कारण जनसुनावणीत बोलायचा हक्क त्याचाच असतो.

सुरुवात होते व्याप्ती ठरवण्यापासून. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे तज्ज्ञ समिती आधी अभ्यासाच्या अटी ठरवते: कोणते परिणाम तपासायचे, किती अंतरापर्यंत, कोणत्या ऋतूत. इथे जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर पुढे कुठल्याही पानावर सापडत नाही. अभ्यासक्षेत्र सहसा दहा किलोमीटरचं धरतात. धूळ आणि आवाज मोजायला ते पुरतं. पण पेंचमधून बाहेर पडलेला तरुण नर वाघ दहा किलोमीटरवर थांबत नाही, तो दुसऱ्या जंगलापर्यंत जातो. म्हणून जंगलातल्या रस्त्याच्या अभ्यासाची हद्द नकाशावर वर्तुळ मारून ठरत नाही, ती प्राण्यांच्या भ्रमणमार्गावरून ठरवावी लागते. आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे रस्त्याचे तुकडे. रुंदीकरणाला ही मंजुरी लागते ती लांबी शंभर किलोमीटरच्या वर असेल आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जादा जमीन घ्यायची असेल तर. लांब रस्ता लहान टप्प्यांत मांडला, की प्रत्येक टप्पा निरुपद्रवी दिसू लागतो. वाघाला मात्र सगळे टप्पे ओलांडायचे असतात.

मग येते मूळ स्थितीची पाहणी, म्हणजे रस्ता होण्याआधी तिथे काय आहे याची नोंद. अहवालाचं तिसरं प्रकरण यासाठीच असतं आणि मी सर्वांत आधी तेच उघडते. बहुतेक ठिकाणी त्यात नुसती यादी भेटते: इतक्या जातींचे पक्षी, इतके सस्तन प्राणी. ही यादी वनविभागाच्या जुन्या आराखड्यावरून घरबसल्याही उतरवता येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा आला होता. 2007 च्या सुमारास ते उघडकीला आलं. कोकणच्या जमिनीच्या वर्णनात स्प्रूस आणि बर्चची झाडं होती!

रस्त्यासाठी उपयोगी पाहणी वेगळी असते. प्रस्तावित मार्गावरून पायी चालायचं, ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे, नाले आणि पाणवठे टिपायचे, कॅमेरे लावायचे. त्यातून ‘या नाल्यात चितळांच्या वाटा उतरतात, पुढच्या उतारावर कुणी फिरकत नाही’ अशी किलोमीटरनिहाय माहिती हाती आली पाहिजे. अंडरपास कुठे बांधायचा हे या तक्त्याशिवाय ठरवताच येत नाही. ऋतूही महत्त्वाचा. बऱ्याच अहवालांत एकाच, पावसाळा सोडून केलेल्या ऋतूच्या नोंदी असतात. बेडूक आणि कितीतरी सरपटणारे प्राणी रस्त्यावर येतात ते नेमके पावसाळ्यात, त्यामुळे मार्च ते मे अशी तारीख दिसली तर त्यांची नोंद अपुरीच असणार, हे धरून चालावं.

आता उपाय. त्यांचा क्रम जगभर मान्य आहे: आधी नुकसान टाळा, टाळता येत नाही ते कमी करा, झालेलं दुरुस्त करा, आणि तरीही उरलं तर त्याची भरपाई दुसरीकडे करा. पेंचच्या बाबतीत ‘टाळा’ म्हणजे वाहतूक छिंदवाड्याच्या बाजूने वळवणं. वन्यजीवप्रेमींनी तो पर्याय लावून धरला होता. तो मागे पडला आणि अंडरपास आले, म्हणजे आपण दुसऱ्या पायरीवर उतरलो. खुद्द अधिसूचनेत अहवालाचा जो साचा दिला आहे, त्यात परिणाम आणि उपाय चौथ्या प्रकरणात येतात, पर्यायी मार्गांचा विचार पाचव्यात. टाळण्याचा प्रश्न उपायांच्या नंतर! माझ्या मते हा क्रमच चुकीची सवय लावतो. मार्ग पक्का धरून अंडरपासचा हिशेब होतो आणि मग पर्यायांवर दोन पानं लिहिली जातात. पाचवं प्रकरण किती पानांचं आहे आणि त्यातल्या दुसऱ्या मार्गावर कुणी पायी फिरून पाहणी केली का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

दुसऱ्या पायरीवरही मापाला फार महत्त्व आहे. अंडरपासचा मोकळेपणा मोजायची एक सोपी रीत आहे: रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला रस्त्याखालून चालावं लागणारं अंतर. समजा, चौपदरी रस्त्याखाली हे अंतर 30 मीटर आहे. चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच मोरीचा मोकळेपणा भरतो 0.4. पन्नास मीटर रुंद, पाच मीटर उंच पुलाखाली तोच आठच्या वर जातो. पहिली जागा चितळाला अंधारं भुयार वाटते, दुसरीतून पलीकडचं जंगल दिसतं. अहवालात दोन्हींचं नाव ‘वन्यजीव मार्ग’ असू शकतं, म्हणून नावावर न जाता मापं मागावीत. शेजारी कुंपण आहे का, हेही विचारावं. प्राण्यांना मोकळ्या जागेकडे वळवणारं कुंपण नसेल, तर ते सरळ डांबरावर येतात.

शेवटच्या पायरीवर भरपाईची वृक्षलागवड असते, आणि प्रकरणाचा मोठा भाग अनेकदा तीच व्यापते. तोडलेल्या झाडांची संख्या आणि लावायच्या रोपांची संख्या शेजारी-शेजारी छापली, की हिशेब जुळल्यासारखा दिसतो. पण दोन जंगलांमधला दुवा तुटला असेल, तर दुसऱ्या तालुक्यात लावलेली सागाची रोपं तो जोडत नाहीत.

आता पुन्हा त्या 11 वाघांकडे येऊ. पुलांखालून जाणारे वाघ आहेत, एवढं कॅमेऱ्यांनी पक्कं दाखवलं. रस्त्याशी येऊन परत फिरणारे किती, हे पुलाखालच्या कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी रस्ता रुंद होण्याआधी त्याच पट्ट्यात किती वाघ ये-जा करत होते हा आकडा लागतो, शिवाय रस्त्यापासून दूर जंगलात लावलेले कॅमेरेही लागतात. नव्या रस्त्याचा अहवाल समोर आला, तर तिसऱ्या प्रकरणात तो पहिला आकडा आहे का ते शोधावं. मग देखरेखीच्या, म्हणजे सहाव्या प्रकरणात जावं आणि रस्ता झाल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणी किती वर्षं होणार आणि तिचा खर्च कोण करणार, हे बघावं. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो आणि हरकत लेखी देता येते. हरकत लिहिताना प्रकरणाचा आणि पानाचा क्रमांक घालावा, म्हणजे तिला नेमकं उत्तर मागता येतं.