पंखा थांबलाय, की वीजच पोचली नाही?

मे महिन्यात हदगावात नवा संगणक जोडला आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे जागचे हलेनात, तर कार्ड जळालं असंच आधी वाटतं. बहुतेकदा तसं काही नसतं. 2014च्या सुमारास आलेल्या कार्डांपासून पंखे मुद्दाम थांबवण्याची सोय रूढ झाली. चिप साधारण 50 ते 60 अंशांच्या खाली असेपर्यंत पंखे बंद राहतात, कारण तेवढी उष्णता धातूच्या पात्यांतूनच निघून जाते.

वीज न पोचण्याची गोष्ट वेगळी. आरटीएक्स 3060ला सुमारे 170 वॉट लागतात. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. उरलेले आठ पिनांच्या वेगळ्या केबलमधून यावे लागतात. ती जोडायची राहिली, तर पडद्यावर सूचना येते किंवा पडदा काळाच राहतो. पंखे काही कार्डांत स्तब्ध, काहींत पूर्ण वेगात.

म्हणून आधी पडदा पाहावा. चित्र नीट दिसत असेल, तर तापमान दाखवणारी ही आज्ञा चालवावी:

```
nvidia-smi -l 2
```

आता एखादा जड गेम सुरू करावा. तापमान साठीच्या पुढे गेलं की पंखे फिरायला हवेत. ऐंशीच्या पुढेही ते थांबलेलेच असतील, तर गेम लगेच बंद करावा. दोष बहुधा पंख्यात किंवा त्याच्या बारीक वायरीत आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीच चाळीस अंशांवर जाते. तेव्हा रिकामं बसलेलं कार्डही साठीजवळ पोचतं आणि पंखे सारखे चालू-बंद होतात. तो बिघाड नव्हे.