फोल्डर गेलं, तर दिवस किती मागायचे?

मेहकरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. परीक्षेआधीच्या महिन्यात तिथे दोन प्रकारची पोरं येतात. काहींना पेनड्राइव्ह दाखवायचा असतो, काहींना मुदतवाढीचा अर्ज टाइप करून हवा असतो. बहुतेक वेळा ती एकाच घरची किंवा एकाच ग्रुपची असतात. अर्जाचा मजकूर ठरलेला: ‘वरील विषयास अनुसरून विनंती की, तांत्रिक अडचणीमुळे प्रकल्प वेळेत पूर्ण होऊ शकला नाही, तरी मुदत वाढवून मिळावी.’ या वाक्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. काय गेलं, काय उरलं, किती दिवस आणि का, यातलं काहीही त्यात नसतं. सबमिशनच्या आठवड्यात असे चार अर्ज टेबलावर आले की खरा आणि खोटा एकसारखेच दिसतात.

यंदा बीसीएच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी दोन्ही घेऊन आली, बंद पडलेला पेनड्राइव्ह आणि हाताने लिहिलेला अर्ज. ‘काका, फोल्डर उघडूनच नाही राहिलं. सारं गेलं.’ तिच्या तिघांच्या ग्रुपने गोडो ४.२ मध्ये लोणार विवरावर गेम बनवला होता. धारेच्या पायऱ्यांवरून खाली उतरायचं, जंगलातून काठाकाठाने कमळजा देवीच्या देवळापर्यंत पोचायचं, वाटेत वटवाघळं चुकवायची. तिसऱ्या टप्प्यात तळ्याचं पाणी गुलाबी दिसतं, कारण २०२० च्या जूनमध्ये ते खरोखरच तसं झालं होतं. हा टप्पा रंगवायला सगळ्यात जास्त वेळ गेला होता आणि गेला तोही हाच.

घडलं असं, की घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ती थेट पेनड्राइव्हवरच काम करत होती. सेव्ह केलं त्याच क्षणी वीज गेली. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ड्राइव्ह दिसत होता, फोल्डरचं नावही दिसत होतं, पण क्लिक केलं की `The file or directory is corrupted and unreadable.`

हा संदेश वाचून पोरं ‘सगळं पुसलं’ असं समजतात. तसं नसतं. पेनड्राइव्ह सहसा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात फोल्डर म्हणजे फक्त एक यादी असते: फाइलचं नाव, तिचा आकार आणि ती ड्राइव्हवर कुठून सुरू होते. फाइलमधला मजकूर वेगळ्या जागी पडलेला असतो. प्रत्येक सेव्हला ही यादी पुन्हा लिहिली जाते आणि तेवढ्यात वीज गेली तर यादी बिघडते. तलाठ्याच्या दप्तरातला आठ-अ भिजला म्हणून शेत जागेवरून हलत नाही, तसंच हे आहे. मात्र त्यानंतर ड्राइव्हवर काही नवं लिहिलं, तर रिकामी समजून त्याच जागेवर नांगर फिरू शकतो. त्यामुळे विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतं तेव्हा लगेच होकार द्यायचा नाही, फॉरमॅट तर अजिबातच नाही.

आधी विन३२ डिस्क इमेजरमधलं ‘रीड’ बटण दाबून मी अख्ख्या पेनड्राइव्हची एक इमेज दुकानातल्या हार्डडिस्कवर काढली. पुढे काही चुकलं तर परत येण्याची ही जागा. इमेज तयार झाल्यावरच `chkdsk E: /f` चालवलं. या आज्ञेने ड्राइव्हवर `FOUND.000` नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं आणि यादीतून सुटलेले तुकडे त्यात `FILE0000.CHK`, `FILE0001.CHK` अशा नावांनी जमा होतात. मजकूर मिळतो, नावं मिळत नाहीत.

गोडो वापरणाऱ्यांचं नशीब इथे बरं असतं, कारण त्याचे प्रसंग आणि स्क्रिप्ट या साध्या मजकुराच्या फाइली असतात. नोटपॅडमध्ये उघडल्या की पहिल्याच ओळीवरून ओळख पटते. `extends` ने सुरू झाली तर स्क्रिप्ट, `[gd_scene` ने सुरू झाली तर प्रसंग, पहिल्या काही अक्षरांत `PNG` दिसलं तर चित्र. त्यातली एक फाइल अशी सुरू होत होती:

```
[gd_scene load_steps=3 format=3 uid="uid://c4mx2k8vqtr1n"]

[ext_resource type="Script" path="res://scripts/vatwaghul.gd" id="1_p7k2d"]
[ext_resource type="Texture2D" path="res://art/vatwaghul.png" id="2_m4x9a"]
```

या ओळींचा उपयोग फाइल ओळखण्यापेक्षा मोठा आहे. प्रत्येक प्रसंग आपल्याला कोणती स्क्रिप्ट आणि कोणतं चित्र लागतं ते पूर्ण पत्त्यासह लिहून ठेवतो. म्हणजे हरवलेली यादी फाइलींच्या आतच विखुरलेली असते. सगळ्या तुकड्यांवर `findstr /c:"res://" *.CHK` चालवलं आणि आलेली नावं मुलीने वहीत उतरवली. मग प्रत्येक नावापुढे तुकडा सापडला की बरोबरची खूण. खूण न झालेली नावं हीच नुकसानीची खरी यादी.

सापडलेल्या सगळ्या फाइली मात्र धड नसतात. नावाबरोबर फाइलचा आकारही यादीतच गेलेला असतो, म्हणून प्रत्येक तुकडा ठरावीक मापात पूर्ण होऊन येतो. या ड्राइव्हवर ते माप १६ केबी होतं. दोन केबीच्या स्क्रिप्टच्या शेवटी चौदा केबी जुना कचरा चिकटलेला होता, तो हाताने कापावा लागला. चित्रांना असा कचरा चालतो, स्क्रिप्टला चालत नाही. वटवाघळाच्या स्क्रिप्टचं दुखणं वेगळं होतं: तिच्या जागी तुकडा होता, आकारही होता, पण आत एकही अक्षर नव्हतं, सगळी शून्यं. लिहिण्यासाठी जागा राखली गेली आणि मजकूर पोचायच्या आत वीज गेली. अशी फाइल कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर परत आणत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

तिसऱ्या टप्प्याचा प्रसंग अर्धा सापडला. फरशा कुठे बसवल्या आहेत ते `layer_0/tile_data` नंतरच्या एका लांबलचक आकड्यांच्या ओळीत असतं आणि ती ओळ मध्येच तुटली होती. अशी ओळ असली की गोडो अख्खा प्रसंगच उघडत नाही. ती काढून टाकल्यावर टप्पा उघडला, देऊळ आणि पुजारी जागेवर होते, पायाखालची जमीन तेवढी नव्हती.

एवढं झाल्यावर आम्ही अर्जाकडे वळलो. तिने आधी लिहून आणलेल्या अर्जात पंधरा दिवस मागितले होते. पंधरा का, तर ‘मागितले पंधरा तर देतील आठ’. हे गणित शिक्षकांनाही तोंडपाठ असतं, म्हणून ते आठसुद्धा देत नाहीत. मी तिला वहीतली यादी समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहायला सांगितला. त्यात एक गोष्ट लक्षात आली, जी दरवर्षी दिसते. गेलेला कोड पुन्हा लिहायला पहिल्याच्या मानाने फार थोडा वेळ लागतो, कारण डोकं कुठे अडलं होतं ते आता माहीत असतं. वटवाघूळ किती अंतरावरून झेप घेतं, हे ठरवायला त्यांना आठवडा लागला होता, पुन्हा टाइप करायला अर्धा दिवस पुरणार होता. चित्रांचं तसं नाही, हात पुन्हा तेवढाच चालवावा लागतो.

दुसरी गोष्ट, कोणाकडे काय मागायचं. व्हायवाला बाहेरून परीक्षक येतो आणि ती तारीख गाइडच्या हातात नसते. हातात असतं ते त्याआधीचं विभागातलं सादरीकरण. जे देता येणार नाही ते मागितलं की अर्ज वाचणाऱ्याला नकार देणं सोपं जातं.

आणि एक आठवण तिलाच झाली. दुसऱ्या सेमिनारला गेमची चालणारी प्रत लॅबमध्ये दाखवली होती. गोडोतून काढलेल्या अशा प्रतीत `.exe` शेजारी एक `.pck` फाइल असते आणि खेळातली सगळी सामग्री त्यात बांधलेली असते. जीडीआरई टूल्स नावाचं मोफत साधन ती सोडवून स्क्रिप्ट आणि चित्रं परत काढतं. ती प्रत जर लॅबच्या मशीनवर अजून असेल, तर ती कोणी मुद्दाम न ठेवलेली बॅकअपच होती.

शेवटी गेलेला अर्ज असा:

प्रति, मा. प्रकल्प मार्गदर्शक सर, संगणकशास्त्र विभाग.

विषय : ‘विवराच्या पोटात’ या गेम प्रकल्पाच्या अंतर्गत सादरीकरणासाठी सहा दिवस वाढवून मिळण्याबाबत.

महोदय, रविवारी सेव्ह करताना वीज गेल्याने पेनड्राइव्हमधील आमच्या प्रकल्पाचे फोल्डर खराब झाले. पहिले दोन टप्पे परत मिळाले असून ते चालतात. खालील भाग मिळाले नाहीत : वटवाघळाची स्क्रिप्ट (अर्धा दिवस), तिसऱ्या टप्प्याची जमीन आणि पाणी (दोन दिवस), वटवाघळाची आणि पुजाऱ्याची चित्रे (दोन दिवस). जोडणी व तपासणीस दीड दिवस, असे एकूण सहा दिवस लागतील. दुसऱ्या सेमिनारच्या वेळची प्रत लॅबमधील संगणकावर असल्यास ती मिळावी. तीत ही चित्रे असण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास दोन दिवस वाचतील. व्हायवाच्या तारखेत बदल मागत नाही. परत मिळालेले दोन टप्पे आपण म्हणाल तेव्हा दाखवू. चूक थेट पेनड्राइव्हवर काम करण्याची होती. आता प्रत तिघांच्याही संगणकावर ठेवत आहोत.

आपली नम्र, (तिघांच्या सह्या).

सोबत तिने दोन कागद जोडले: एररचा फोटो आणि वहीतल्या खुणांच्या यादीची झेरॉक्स. माझ्या मते अर्जापेक्षा ही झेरॉक्स जास्त बोलली. कचरा कापलेल्या, शून्यांनी भरलेल्या फाइलींची अशी नोंद कोणी थापा मारायला बसून करत नाही.

सरांनी अर्ज दुपारीच परत दिला. समासात लिहिलं होतं, ‘चार दिवस. प्रत खिडकीजवळच्या मशीनवर आहे, आज घेऊन जा. उद्या पहिले दोन टप्पे दाखवा.’ म्हणजे त्यांनी बेरीज वाचली होती, सहातून दोन वजा केले होते आणि पडताळणीही उद्यावर ठेवली होती. मुलगी जरा हिरमुसली, ‘काका, दोन दिवस कापले न सरांनी.’ मी म्हटलं, तूच कापून दिलेत.

`.pck` सोडवल्यावर पुजारी पूर्ण मिळाला. वटवाघळाच्या पंखांची सहापैकी चार चित्रं निघाली, दोन सेमिनारनंतर काढलेली होती. ती तिने एका संध्याकाळी पुन्हा काढली. तळ्याचं पाणी पहिल्यासारखं लाटा मारणारं झालं नाही, सपाट रंग भरून वेळ निभावून नेली. व्हायवाला परीक्षकांनी पाणी गुलाबी का, एवढंच विचारलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हे उत्तर तिघांनाही येत होतं.