छप्पर कागदाचे की जाळीचे?

शेताच्या छायाचित्रात पांढरे छप्पर दिसले की खाली ‘आधुनिक शेती’ असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अशा छायाचित्रांच्या ओळी तपासत बसणे हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. छप्पर पाहताना मी आधी एकच विचारतो : या शेतकऱ्याला भीती कशाची आहे? ऊन, पाऊस, थंडी, गारा की किडे? छप्पर त्या भीतीच्या मापाने बेतलेले असते.

पहिली पारख कागद की जाळी ही. प्लॅस्टिकच्या कापडाला शेतकरी ‘कागद’ किंवा ‘पेपर’ म्हणतो. कागद पाऊस अडवतो आणि ऊब कोंडतो; जाळीतून पाऊस आत येतो, ऊन मात्र गाळून येते. लडाखच्या हरितगृहाला तीन बाजूंनी जाड मातीच्या भिंती आणि फक्त दक्षिणेकडे कागद असतो, कारण तिथे दिवसाची ऊब रात्रीसाठी साठवायची असते. आपल्याकडे ऊब हीच अडचण. म्हणून तळेगाव-मावळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसला माथ्यावर उघडी फट आणि बाजूला गुंडाळता येणारे पडदे असतात. नाशिककडे द्राक्षाच्या प्रत्येक ओळीवर वेगळा, दोन्ही टोकांना उघडा कागद दिसला, तर भीती अवकाळी पावसाची. हिमाचलात सफरचंदांच्या डोक्यावर नुसती जाळी आणि बाजू मोकळ्या, म्हणजे भीती गारांची.

आतले दृश्य असेल तर पीकही सापडते. वरच्या तारांवरून सुतळ्या लोंबत असतील तर ढोबळी मिरची, काकडी किंवा टोमॅटो. वाफ्यावर आडवी ताणलेली चौकटीची जाळी आणि तिच्यातून वर आलेले सरळ दांडे, तर कार्नेशन. जरबेराला दोन्ही लागत नाही. त्याची पाने जमिनीलगत पसरतात.

आता मला एका स्नेह्याने दाखवलेले छायाचित्र घेऊ. खाली लिहिले होते, ‘शेडनेटमधील भाजीपाला तोडणी’. छप्पर सपाट आणि जाळीचे, म्हणजे पावसाची भीती नाही. पण बाजूची जाळी जमिनीपर्यंत आणून तिची कड मातीत गाडलेली, आणि दाराला लागून दुसरे दार. नुसत्या सावलीसाठी कोणी एवढा खर्च करत नाही. इथे किडे बाहेर ठेवायचे आहेत. विषाणूरोग पसरवणारी पांढरी माशी तर हवीच नको, पण मधमाशीही नको. भाजी विकणाऱ्याला मधमाशी नको का असेल?

उत्तर झाडांवर होते. ढोबळी मिरचीच्या देठांना रंगीत दोरे बांधलेले होते आणि फळे लाल होऊन सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवलेली होती. हा संकरित बियाण्याचा प्लॉट आहे. दुपारनंतर, उमलायच्या आधीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलाला लावतात आणि खूण म्हणून दोरा बांधतात. शेतकरी याला सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. दोरा नसलेले फळ आपल्याच परागाने धरलेले, म्हणून खुडून टाकायचे. ते राहिले तर बियाण्यात भेसळ होते. मधमाशी आत आली तर हाच घोटाळा ती करते. टोमॅटोत दोऱ्याऐवजी फुलाची एक-दोन निदलपत्रे कापून खूण ठेवतात, ती छायाचित्रात सहसा दिसत नाही. काकडीत मात्र वेलीवरच पिवळीजर्द झालेली जाडजूड फळे पुरेशी बोलतात. बाजारात त्यांना कोणी हात लावणार नाही. बियांसाठी मात्र तीच हवीत.

प्रदेश कोणता? अशा जाळ्यांची दाटी म्हटली की मला प्रथम देऊळगाव राजा आणि लगतचा जालन्याचा पट्टा आठवतो. पण जाळीवरून एवढेच म्हणता येते. कर्नाटकात राणेबेन्नूरकडेही बियाण्याचे प्लॉट आहेत आणि तिथेही काळी जमीन आहे. जाळीचा रंग तर अजिबात धरू नये. हिरवी जाळी कुठल्याही रोपवाटिकेवर असते. अशा वेळी मी छप्पर सोडून कडेला पाहतो. या छायाचित्रात दाराजवळ एक मोटरसायकल अर्धी दिसत होती आणि पाटीवर ‘एमएच २८’ वाचता येत होते. ती बुलढाण्याची. ‘एमएच २१’ असते तर जालना, ‘केए २७’ असते तर हावेरी. गाडी पाहुण्याचीही असू शकते, म्हणून एकट्या पाटीवर मी निकाल देत नाही. इथे जाळी, दोरे आणि पाटी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती.

मग ‘तोडणी’ हा शब्द खोडावा लागला. ओळींत वाकलेल्या चार बायकांपैकी एकीजवळही टोपली किंवा क्रेट नव्हता. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर पुढच्या बाईच्या बोटांत बारीक चिमटा दिसला, आणि तिच्या पदराच्या कडेला खोचलेली लाल दोऱ्यांची जुडी.