शिष्यवृत्तीचे पैसे परत मागणारे एक पत्र

ऊस बिल, तोडणी, पाणीपट्टी यांची पत्रे आपल्याकडे नेहमी लिहिली जातात. २०२५ च्या जूनमध्ये मात्र आमच्या एका सभासदाने वेगळेच पत्र घेऊन गटऑफिस गाठले. मुलाला इंग्लंडला एक वर्षाच्या एम.एस्सी.ला पाठवायचे होते. जिल्ह्याच्या गावच्या एका एजंटाने निम्मी शिष्यवृत्ती 'पक्की' असल्याचे सांगून पैसे घेतले, आणि शिष्यवृत्ती काही निघाली नाही. कुटुंबाच्या इच्छेवरून आम्ही कोणाचेच नाव येथे देत नाही. पण ते पत्र कसे तयार झाले, हे सांगण्याजोगे आहे. या वर्षात असे आणखी दोघेजण आमच्याकडे विचारपूस करून गेले आहेत.

पहिले पत्र वडिलांनी स्वतः रात्री बसून लिहिले होते. चार पाने. त्यात एजंटाला शिव्या होत्या, 'पोराचं वाटोळं केलंत' असे होते, पोलीस, कोर्ट, आमदार सगळे होते. नव्हते ते एवढेच : पैसे किती दिले, केव्हा दिले आणि किती परत पाहिजेत. आम्ही विचारले, "अण्णा, एकूण किती गेले?" ते म्हणाले, "साडेसहा लाख गेले की हो." मुलगा मध्येच म्हणाला, "दादा, ते सगळे त्याच्याकडे नाही गेले." आणि खरे काम तिथून सुरू झाले.

टेबलावर कागद मांडले तेव्हा पैशाचे दोन रस्ते दिसले. एक रस्ता एजंटाच्या खिशात गेलेला. १२ जानेवारीला नोंदणीचे २५,००० रुपये, ३ फेब्रुवारीला 'शिष्यवृत्ती निश्चिती फी' म्हणून १,२०,००० आणि २० फेब्रुवारीला रोख ४०,०००. एकूण १,८५,००० रुपये. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या खात्यात थेट गेलेला : एप्रिलमध्ये जागा राखण्यासाठी भरलेली ४,००० पौंड आगाऊ रक्कम, म्हणजे पौंडाला ११५ रुपये धरले तर ४,६०,००० रुपये. हे पैसे एजंटाने घेतलेले नाहीत. ते त्याच्याकडेच मागितले, तर "ते माझ्याकडे आलेच नाहीत" असे एका ओळीचे उत्तर तो देणार, आणि त्या ओळीच्या आड बाकीचेही दडवणार. म्हणून विद्यापीठाला वेगळे पत्र आणि एजंटाला वेगळे, असे ठरले. विद्यापीठाकडून परतावा मिळतो की नाही, हे त्यांच्या प्रवेशपत्राबरोबरच्या अटींवर ठरते. व्हिसा नाकारला तर बहुधा मिळतो, मन बदलले तर मिळेलच असे नाही. त्या अटी मुलाने प्रथमच वाचल्या, त्याही आमच्यासमोर.

आता फसवणूक नेमकी कोठे झाली ते पाहू. अभ्यासक्रमाची फी १६,००० पौंड. एजंट म्हणाला, निम्मी माफ, तुम्हाला ८,००० भरायचे. त्यातले ४,००० आगाऊ भरले की ४,००० राहतील. मे महिन्यात विद्यापीठाचे बिल आले, त्यात बाकी होती १०,००० पौंडांची. फरक ६,००० पौंडांचा, म्हणजे ६,९०,००० रुपये. प्रवेशपत्र पुन्हा उघडून पाहिले तर त्यात 'शिष्यवृत्ती' हा शब्दच नव्हता. होती ती २,००० पौंडांची सवलत, आणि तीही ठरलेल्या तारखेपर्यंत आगाऊ रक्कम भरणाऱ्या कुठल्याही परदेशी विद्यार्थ्याला मिळणारी. गुण बघून नाही की अर्ज बघून नाही. आपल्याकडे वेळेत पाणीपट्टी भरली की सूट मिळते, तशातला हा प्रकार. अशा सवलतीला परदेशी विद्यापीठे कधी कधी 'स्कॉलरशिप' असेही नाव देतात, आणि एजंटांना तेवढा धागा पुरतो.

मग 'पक्की' म्हणून दिलेला कागद कोणता? तो एजंटाच्या स्वतःच्या लेटरहेडवर होता, 'आपली ५० टक्के शिष्यवृत्ती निश्चित झाली आहे' असा. विद्यापीठाचा त्यावर काही संबंध नव्हता. खऱ्या शिष्यवृत्तीचे पत्र विद्यापीठाकडून येते, त्यात अर्जाचा क्रमांक आणि रक्कम असते, आणि इंग्लंडातील विद्यापीठाचा ई-मेल पत्ता बहुतेक `.ac.uk` ने संपतो. आम्ही मुलाला एवढेच सांगितले की विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतःच्या ई-मेलवरून, एजंटाला मध्ये न घेता विचार : माझ्या अर्जावर कोणती शिष्यवृत्ती मंजूर आहे काय? उत्तर तिसऱ्या दिवशी आले. 'आपल्या अर्जावर सर्वसाधारण सवलतीखेरीज कोणतीही शिष्यवृत्ती नाही, व तसा अर्जही आलेला नाही.' शेवटचे पाच शब्द महत्त्वाचे. एजंटाने अर्जच केला नव्हता. पैसे मात्र 'निश्चिती'चे घेतले.

याच ओळीमुळे एजंटाचा नेहमीचा बचाव लंगडा पडतो. तो म्हणतो की शिष्यवृत्ती देणे न देणे विद्यापीठाच्या मर्जीवर असते, आम्ही प्रयत्न केला. प्रयत्नाची फी म्हणून घेतली असती, तर त्या म्हणण्यात काही अर्थ होता. येथे जे घडलेच नव्हते ते घडल्याचे सांगून फी घेतली. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' असे छापले होते, त्याची वडिलांना फार धास्ती. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे चुकीची माहिती देऊन किंवा फसवून घेतलेल्या संमतीचा करार संमती देणाऱ्याला रद्द करता येतो, आणि रद्द केला की दुसऱ्याने घेतलेला लाभ परत करावा लागतो. छापील ओळ त्यातून सुटका देत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेबद्दल खोटे सांगून ती खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

रोख चाळीस हजारांची पावती नव्हती. ही आपल्याकडची जुनीच खोड. सुदैवाने त्या दिवशी बँकेतून तेवढीच रक्कम काढल्याची पासबुकात नोंद होती, आणि संध्याकाळी एजंटाने व्हॉट्सअॅपवर 'चाळीस मिळाले, काळजी करू नका' असे लिहिले होते. मोबाईल बदलू नका, संभाषण पुसू नका, असे आम्ही बजावले. पुढे आयोगापुढे असा संदेश दाखवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसता छापील कागद तेथे कमी पडतो.

शेवटी जे पत्र गेले, त्याचा गाभा असा :

"आपण दि. ३-२-२०२५ च्या लेखी पत्राने माझ्या मुलास ५० टक्के शिष्यवृत्ती निश्चित झाल्याचे कळविलेत व त्यापोटी १,२०,००० रुपये घेतलेत. याखेरीज २५,००० व ४०,००० रुपये आपणास मिळाले आहेत. विद्यापीठाने ई-मेलने कळविले आहे की अशी शिष्यवृत्ती मंजूर नाही व तिचा अर्जही आलेला नाही. आपल्या चुकीच्या सांगण्यावर विसंबून आम्ही हा व्यवहार केला, तो आम्ही रद्द करीत आहोत. तरी एकूण १,८५,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. विद्यापीठाकडे भरलेल्या रकमेतून काही कापले गेल्यास त्या नुकसानीचा हक्क आम्ही राखून ठेवतो. मुदतीत पैसे न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल."

एक पान. सोबत पावत्या, पासबुकाचा उतारा, संदेशांच्या प्रती, एजंटाचे पत्र आणि विद्यापीठाचे ई-मेल, सगळ्यांवर क्रमांक घालून. मूळ कागद एकही पाठवला नाही. वडिलांना पत्र फार गुळमुळीत वाटले. "त्यात जरा दम पाहिजे होता," म्हणाले. आमचे म्हणणे असे की दम रकमेत आणि तारखेत असतो. पोलिसांची धमकी घालून पैसे मागितले, तर उद्या तेच पत्र एजंट आपल्याविरुद्ध दाखवतो. पोलिसात जायचे असेल तर तो मार्ग वेगळा आणि खुला आहेच. पत्र स्पीड पोस्टाने पोहोचीसह गेले, कारण जुने रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. शिवाय तेच ई-मेलनेही पाठवले.

अकराव्या दिवशी एजंटाचा माणूस घरी आला. साठ हजार रोख घ्या आणि 'सर्व हिशेब मिटला' या कागदावर सही करा, म्हणाला. आजी म्हणाली, "घे रे बाबा, मिळतंय ते." पण सही केली असती तर १,२५,००० वर पाणी सोडावे लागले असते. वडिलांनी सही नाकारली, आणि पैसे खात्यात जमा करायचे असतील तर खुशाल करा, ते 'अंशतः जमा' म्हणून धरू, असे लेखी कळवले. दोन दिवसांनी ९०,००० जमा झाले. राहिले ९५,०००.

त्या ९५,००० साठी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एजंटाच्या शहरी जावे लागत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावरही त्यांनी नोंद केली होती, पण एजंटाने तेथे प्रतिसाद दिला नाही.

विद्यापीठाने ४,००० पौंडांपैकी ५०० पौंड खर्चापोटी कापून बाकी परत केले. ते ५०० पौंड, म्हणजे ५७,५०० रुपये, 'हक्क राखून' या ओळीमुळे आयोगाच्या तक्रारीत आता एजंटाकडून मागितले आहेत. मुलगा सध्या पुण्यात नोकरी करतो. तो पुढच्या वर्षी चेव्हनिंगला अर्ज करणार आहे. ती ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती असून अर्ज स्वतःच करायचा असतो आणि अर्जाला फी नाही. सुनावणीची तारीख लागली की आम्ही येथे कळवू.