गेटवेची फाटलेली बाजू

गेटवे ऑफ इंडियासमोर काढलेला फोटो अनेक मराठी घरांत सापडतो. असा एखादा जुना फोटो दुरुस्तीला येतो तेव्हा माणसांचे चेहरे बहुधा शाबूत असतात आणि कडेचा भाग कसरीने खाल्लेला किंवा फाटलेला असतो. समजा, उजवीकडचा तिसरा हिस्सा गेला आहे. त्याबरोबर उजवीकडची छोटी कमान, तिच्या लगतची जाळी आणि कोपऱ्याचा मनोराही गेला. चेहरा गेला असता तर तो परत आणता आला नसता. इमारतीचं तसं नाही. जॉर्ज विटेट यांनी १९२४ साली पूर्ण झालेली ही वास्तू मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना सारखी रचली आहे, म्हणून गेलेल्या भागाचा जोडीदार त्याच फोटोत डावीकडे उभा असतो.

मग डावी बाजू कापून, आरशासारखी उलटवून उजवीकडे चिकटवली की झालं, असं वाटतं. फोटोग्राफर बरोबर मधोमध उभा असेल तर हे बऱ्याच अंशी जमतंही. पण आपला फोटोग्राफर डावीकडे, इमारतीच्या टोकाच्याही बाहेर उभा होता असं धरू. त्याला डावी बाजू जवळ आणि मोठी दिसली, तर उजवी लांब आणि लहान. दगडांचे आडवे थर उजवीकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. डावा तुकडा तसाच उलटवला तर त्याचे थर उजवीकडे फाकत जातील आणि इमारत मध्येच मोडल्यासारखी दिसेल.

म्हणून आधी भिंत सरळ करून घ्यायची. दर्शनी भिंत सपाट आहे असं धरून तिच्यावर चार बिंदू निवडायचे: डाव्या कडेची उभी रेघ आणि मोठ्या कमानीच्या उजव्या खांबाची उभी रेघ, या दोन्ही वरच्या कंगोऱ्याला आणि खाली जोत्याला जिथे भेटतात तिथले. भिंतीवर हे चार बिंदू म्हणजे आयताचे कोपरे, फोटोत मात्र ते तिरके पडलेले असतात. गिम्पमध्ये `Perspective` हे साधन घेऊन दिशा `Corrective (Backward)` ठेवली आणि जाळीचे कोपरे या बिंदूंवर नेले की भिंत समोरून पाहिल्यासारखी होते. तिची रुंदी-उंचीची प्रमाणं बिघडली तरी घाबरू नये. भिंत आडवी एकसारखी ताणली गेली असेल, तर मधल्या रेघेपासून दोन्हीकडची अंतरं एकाच प्रमाणात बदलतात, आणि परत जाताना तो ताण आपोआप निघून जातो. आता मोठ्या कमानीच्या टोकातून उभी रेघ टाकायची. डावी कड त्या रेघेपासून जितकी दूर, तितकीच उजवी. फाटलेल्या कागदावर नसलेली कड अशी सापडते. तुकडा बसवला की चारही कोपरे मूळ जागी ओढून भिंत पुन्हा तिरकी करायची.

इथपर्यंतचं गणित झालं. कसब लागतं ते कमानीच्या खोलीत. भिंत जाड आहे, आणि डावीकडून पाहणाऱ्याला प्रत्येक कमानीच्या आत उजवीकडची जाडी दिसते, डावीकडची लपते. डावी कमान उलटवली की ती जाडी डावीकडे जाते, म्हणजे एकाच भिंतीतल्या दोन कमानी दोन वेगळ्या जागांवरून पाहिल्यासारख्या होतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. सावलीचंही तेच. ऊन डावीकडून येत असेल तर उलटवलेल्या मनोऱ्यावर ते उजवीकडून पडतं.

माझ्या मते उपाय एकच आहे: जे स्वतःच दोन्हीकडून सारखं आहे, ते उलटवायचं नाही, नुसतं सरकवायचं. छोटी कमान आपल्या जागी सममितच आहे, म्हणून ती आहे तशी उचलून उजवीकडे ठेवली की जाडी आणि सावली दोन्ही योग्य बाजूला राहतात. उजवी कमान जास्त तिरकी दिसत असल्याने तिथली जाडी थोडी रुंद करावी लागते. उलटवायचं ते फक्त भिंतीचं टोक, कंगोऱ्याची शेवटची वळणं, जिथे डावं-उजवं खरोखर वेगळं आहे. मनोरा भिंतीच्या पातळीत बसत नाही, त्यामुळे भिंतीचे चार बिंदू त्याला लागू पडत नाहीत. तो वेगळ्या थरावर सरकवून, वरच्या आणि खालच्या रेषा हाताने जुळवून बसवायचा.

कोरलेल्या अक्षरांना मात्र यातलं काहीच चालत नाही. कमानीवर पंचम जॉर्ज यांच्या १९११ च्या आगमनाचा लेख आहे. त्याचा तुकडा गेला असेल तर तो दुसऱ्या फोटोवरूनच घ्यावा लागतो.

शेवटी दाणा पाहायचा. जवळचा भाग लांबच्या जागी जाताना लहान होतो, म्हणून चित्र नको इतकं रेखीव होतं आणि फिल्मचा दाणाही बारीक पडतो. थोडं मऊ करून वर आजूबाजूच्या भागाइतका दाणा पुन्हा घालायचा. मग पट्टी घेऊन कंगोरा आणि जोत्याची रेघ उजवीकडे वाढवायची. नव्या भागातले थर त्याच बिंदूकडे जात नसतील तर कोपरे चुकलेत. आणि डाव्या तुकड्याबरोबर आलेली कबुतरं पुसून टाकायची, कारण तीच दोन कबुतरं दोन्ही कमानींपाशी त्याच अंतरावर बसलेली दिसली की बाकी सगळं नीट असूनही नक्कल पकडली जाते.