‘क्लेम नामंजूर’ : पत्रात नेमके काय लिहिले आहे?

जालन्याच्या आमच्या शेजारच्या चाचांनी मागच्या महिन्यात विमा कंपनीचे पत्र आणून दाखवले. ‘क्लेम गेला’ म्हणून घरात सगळे खिन्न होते. आम्ही पत्र नीट वाचले, तर क्लेम नाकारलेला नव्हताच. कागद न मिळाल्यामुळे फाइल बंद केली होती. डिस्चार्ज कार्ड आणि पैसे भरल्याची मूळ पावती कंपनीने मागितली होती. ती स्मरणपत्रे एजंटच्या ईमेलवर जात राहिली. चाचांनी संभाजीनगरच्या दवाखान्यातून कागद मिळवले, क्लेम नंबर टाकून उशिराचे कारण लिहिले आणि फाइल पुन्हा उघडण्याचा अर्ज दिला. अशा फाइलवर निर्णय झालेलाच नसतो, म्हणून आधी हाच मार्ग धरावा.

दुसरा प्रकार ‘रिजेक्शन’. बोलण्यात हा शब्द कशालाही लावतात, पण बहुधा क्लेम दारातच अडलेला असतो : हप्ता चुकून पॉलिसी बंद पडलेली, किंवा रुग्णाचे नाव पॉलिसीत नाही. दवाखान्यात कॅशलेस नाकारले गेले, तर तेवढ्याने क्लेम संपत नाही. बिल भरून नंतर परतफेडीचा अर्ज करता येतो.

‘रिप्युडिएशन’ म्हणजे कागद तपासून, पॉलिसीच्या एखाद्या अटीवर बोट ठेवून कंपनीने जबाबदारी नाकारणे. उदाहरणार्थ, फॉर्म भरताना जुना मधुमेह लपवला. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार आरोग्य विम्यात असा नकार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही, आणि पत्रात नेमकी अट लिहावी लागते. अट लिहिलेली नसेल, तर ती लेखी मागावी.

चौथा प्रकार अर्धवट मंजुरीचा, आणि इथेच माणसे गोंधळतात. समजा, विमा 3 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज 3,000 रुपये आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी 4,000 ची खोली तीन दिवस घेतली. आपल्याला वाटते, 3,000 रुपयेच कापले जातील. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर मर्यादा भाड्याच्या तीन चतुर्थांश असल्याने डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगच्या 48,000 पैकीही 36,000 च मिळतात. औषधे आणि तपासण्यांचे 30,000 या कपातीत येत नाहीत. 90,000 च्या बिलावर 75,000 हाती येतात. तपासण्यांवरही हेच प्रमाण लावलेले दिसले, तर हरकत घ्यावी.

नकार किंवा कपात पटली नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. जालना त्यांच्याच क्षेत्रात येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. म्हणून पत्र आल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.