डबा एकच, नफा कोणाचा?

मंडळी, धुळ्यात शेंगदाणा तेलाचा धंदा जुना आहे, म्हणून आजचं उदाहरण तिथलंच घेऊ. अवधान एमआयडीसीत एक काल्पनिक तेल गिरणी आहे असं धरू. मालक एकच, पण हिशेब दोन: गिरणी डबे तयार करते आणि विक्री विभागाला 'विकते'. या घरातल्या घरातल्या भावालाच हस्तांतरण किंमत म्हणतात.

आकडे सोपे ठेवू. १५ किलोच्या डब्याला बदलता खर्च, म्हणजे ढेपेचे पैसे वजा जाता शेंगदाणा, गाळप आणि रिकामा डबा, १,५०० रुपये. गिरणीचा स्थिर खर्च महिन्याला २० लाख. महिन्याला १०,००० डबे निघतात, म्हणजे डब्यामागे २०० रुपये. पूर्ण खर्च झाला १,७००. बाजारात डबा २,००० ला जातो आणि विक्रीचा खर्च १०० येतो. मालकाचा नफा महिन्याला २० लाख.

आता गिरणीने १,७०० ला डबा दिला, तर तिचा नफा शून्य, विक्री विभागाचा २० लाख. खर्चावर १० टक्के चढवून १,८७० लावले, तर गिरणीला १७ लाख आणि विक्रीला ३ लाख. मालकाच्या खिशात काहीच बदललं नाही, पण बक्षीस मिळणारा मॅनेजर बदलला!

इथवर फक्त कागद हलला. खरं नुकसान पुढे आहे. सुरतेचा व्यापारी २,००० डबे १,८०० ने मागतो. ठोक माल, म्हणून विक्रीचा खर्च ५० च. हातात १,७५० राहतात. विक्री मॅनेजर म्हणतो, "मला डबा १,८७० ला पडतो, १२० चा तोटा कशाला घेऊ?" त्याच्या हिशेबाने तो बरोबर आहे. पण गिरणी रिकामी असेल, तर जादा डब्याला १,५०० च लागतात. डब्यामागे २५० प्रमाणे मालकाचे ५ लाख बुडाले.

गिरणी पूर्ण भरलेली असेल तर मात्र हिशेब उलटतो. हे डबे द्यायला नेहमीचं गिऱ्हाईक सोडावं लागेल आणि डब्यामागे ४०० जातील. तेव्हा नकारच बरोबर. म्हणून गिरणीची किमान किंमत म्हणजे बदलता खर्च अधिक हातची जाणारी कमाई.

दुसरा दोष असा. घट वाढून खर्च १,८०० झाला, तर १० टक्के धरून भाव १,९८० होतो. गिरणीचा नफा १७० वरून १८० वर जातो, आणि विक्री विभाग डब्यामागे ८० च्या तोट्यात. चूक गिरणीची, शिक्षा विक्रीला! त्यामुळे भाव प्रत्यक्ष खर्चावर नको, वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या प्रमाण खर्चावर हवा.

एखाद्या विभागाचा नफा अचानक वाढला, तर आपण आधी एवढंच विचारायचं: डबे जास्त विकले गेले, की फक्त आतला भाव बदलला?